वर्कशॉपच्या छपराला जीआय, कलर कोटेड की सिमेंटचा पत्रा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे परिसरातल्या धायरी, नऱ्हे, शिवणे, भोसरी या भागांत छोटी वर्कशॉप चालवणारे लोक छपराबद्दल जे विचारतात, त्याची ही उत्तरे. बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच शेड समोर ठेवली आहे. २० बाय ३० फुटांची, दोन्ही बाजूंना उतार असलेली, आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात वेल्डिंग. वर आज जुना सिमेंटचा पत्रा आहे, दोन-चार ठिकाणी तडकलेला, आणि पावसाळ्याआधी तो बदलायचा आहे.

आधी थेट सांगा, कोणता टाकू?

वर सांगितलेल्या शेडसाठी पांढरट रंगाचा कलर कोटेड पत्रा, ०.५० मिमी, आणि त्याच्याखाली इन्सुलेशनची फॉइल. आत ॲसिडचे काम असेल, म्हणजे पिकलिंग, प्लेटिंग किंवा बॅटरी चार्जिंग, तर मात्र ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचा पत्रा. साधा जीआय पन्हाळी पत्रा मी तिथेच सुचवतो जिथे बाजू उघड्या आहेत, खाली भंगार किंवा कच्चा माल ठेवायचा आहे, किंवा जागा भाड्याची असून दोन-तीन वर्षांत पत्रे काढून न्यायचे आहेत. जीआय पत्रा खोलून दुसरीकडे पुन्हा लावता येतो. सिमेंटचा पत्रा काढताना बरेचदा निम्मा फुटतो.

तिन्हींत मुळात फरक काय?

जीआय म्हणजे पोलादी पत्र्यावर जस्ताचा थर. हा थर ग्रॅममध्ये मोजतात, दोन्ही बाजू मिळून एका चौरस मीटरवर किती जस्त आहे ते. १२० ग्रॅमचा पत्राही बाजारात असतो आणि २७५ ग्रॅमचाही. २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन, १२० ग्रॅम म्हणजे जेमतेम ८. नवे असताना दोन्ही सारखेच चमकतात, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. खरेदी करताना आयएस २७७ आणि ग्रॅमचा आकडा बिलावर लिहून घ्या.

कलर कोटेड पत्र्यात पोलादावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा थर असतो, त्यावर प्रायमर आणि वरून साधारण २० मायक्रॉन रंग. मिश्रणात ५५ टक्के ॲल्युमिनियम असते आणि दुकानदार त्याला गॅल्व्हाल्युम म्हणतात. खालच्या बाजूचा रंग बराच पातळ असतो. वर्कशॉपसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण धूर आणि वाफ खालूनच लागते.

सिमेंटचा पत्रा ६ मिमी जाड असतो आणि सिमेंटमध्ये तंतू मिसळून बनतो. गंजत नाही, पावसात आवाज कमी करतो, पण ठिसूळ असतो.

२० बाय ३० च्या शेडला माल किती लागेल?

उतार १८ अंशांचा धरू. मोभापासून भिंतीपर्यंत आडवे अंतर १० फूट, वर एक फूट वळचण. उताराच्या दिशेने मोजले तर सुमारे ३.५५ मीटर होतात. लांबीत दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर काढला की ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटर.

कलर कोटेड पत्रा हव्या त्या लांबीचा कापून मिळतो. एक पत्रा एक मीटर रुंदी झाकतो असे धरले, तर एका उताराला १० आणि दोन्हींना मिळून २० पत्रे, प्रत्येकी ३.५५ मीटरचे. मोभापासून वळचणीपर्यंत एकच अखंड पत्रा, मध्ये आडवा जोड नाही. ०.५० मिमीच्या पत्र्याचे वजन मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळे छप्पर ३०० किलोंच्या घरात.

सिमेंटचा पत्रा ३ मीटरपेक्षा लांब मिळत नाही, म्हणून एका उतारावर दोन पत्रे चढवावे लागतात आणि जोडाला १५ सेंमी एकावर एक घ्यावे लागतात. खाली १.७५ मीटरचा आणि वर २ मीटरचा घेतला की ३.६० मीटर होतात. असे ४० पत्रे लागतील आणि वजन साधारण एक टन होईल.

जीआय पन्हाळी पत्रा ८, १०, १२ फूट अशा तयार लांबीत येतो. १२ फुटी घेतला की आपल्या उताराला पुरतो. त्याची रुंदी मात्र कमी असते, त्यामुळे नग जास्त लागतात आणि बाजूचे जोडही वाढतात. दर नगावर सांगितला असेल, तर एक नग किती रुंदी झाकतो ते विचारल्याशिवाय तुलना करू नका. फक्त मालाचा दर पाहिला तर सिमेंटचा पत्रा सहसा स्वस्त दिसतो. त्यात जास्त पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे लोखंडी दांडे, वर चढवायची जास्त माणसे आणि वाहतुकीतली फूट धरली की अंतर बरेच कमी होते.

जुन्या कैच्या आणि पर्लिन तशाच ठेवून चालेल का?

बहुतेक वेळा चालते, पण टेप घेऊन वर चढायला हवे. सिमेंटच्या ६ मिमी पत्र्याला दोन पर्लिनमध्ये जास्तीत जास्त १.४ मीटर, म्हणजे साडेचार फूट अंतर चालते, आणि जोड पर्लिनवरच यावा लागतो. त्यामुळे जुन्या शेडमध्ये अंतरे सारखी नसतात. आपल्या शेडमध्ये वळचणीकडून पहिला गाळा १.३८ मीटरचा येतो आणि वरचे दोन गाळे ८० ते ९० सेंमीचे. चांगल्या खोलीच्या प्रोफाइलचा, म्हणजे खोल पन्हळ असलेला, ०.५० मिमी पत्रा हे अंतर पेलतो. ०.४० मिमीचा, कमी खोलीचा पत्रा त्याच गाळ्यात माणसाच्या पायाखाली वाकतो. पन्हळ एकदा दबला की बाजूचा जोड उघडतो आणि पाणी तिथूनच आत येते. आमचा सल्ला असा की त्या खालच्या गाळ्यात एक पर्लिन वाढवा. गटार साफ करायला माणूस नेमका तिथेच पाय ठेवतो.

उलट प्रवास जपून करा. लोखंडी पत्र्यासाठी बनवलेल्या हलक्या कैच्यांवर सिमेंटचा पत्रा चढवायचा असेल, तर ३०० किलोंच्या जागी एक टन येणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कैची तपासल्याशिवाय ते करू नये.

उतारही पाहा. सिमेंटच्या पत्र्याला आडवा जोड असल्यामुळे १८ अंशांच्या आसपास उतार लागतो. तुमची शेड त्याहून चपटी असेल, तर अखंड लांबीचा लोखंडी पत्रा बरा.

दुकानदार ‘पॉइंट फिफ्टी’ म्हणतो. ते खरे कसे कळणार?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. ०.५० हा आकडा बहुतेक वेळा एकूण जाडीचा असतो, त्यात रंग आणि थरही आले. १५० ग्रॅमचा ॲल्युमिनियम-जस्त थर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ०.०४ मिमी होतो आणि रंग साधारण ०.०३५ मिमी. म्हणजे आतले पोलाद ०.४२ ते ०.४३ मिमीच उरते. यात फसवणूक नाही, मोजायची पद्धतच तशी आहे. फसवणूक होते ती ०.४५ चा माल ०.५० म्हणून देण्यात. दोन दुकानांचे भाव लावताना दोघांनाही एकच विचारा, ही एकूण जाडी की नुसत्या पोलादाची?

तपासायला वजनकाटा पुरतो. बरेच प्रोफाइल १२२० मिमी रुंद कॉइलपासून बनतात. तशा ०.५० मिमीच्या पत्र्याचे वजन मीटरला सुमारे ४.३ किलो येते, ०.४५ मिमीच्या पत्र्याचे सुमारे ३.८. आपला ३.५५ मीटरचा एक पत्रा काट्यावर ठेवला तर पहिला सव्वापंधरा किलो दाखवेल आणि दुसरा साडेतेरा. पावणेदोन किलोंचा फरक कुठल्याही काट्यावर दिसतो. कॉइलची रुंदी आधी विचारून घ्या, कारण ती वेगळी असेल तर हे आकडेही बदलतील.

तुमच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर असणारच. कडेपासून थोडे आत, सपाट जागी धरा. कापलेल्या कडेला बर असते आणि आकडा फुगून येतो. ‘गेज’मध्ये बोलणेच टाळा. एकाच गेजचे वेगवेगळे मिलिमीटर सांगणारी दुकाने शेजारी शेजारी असतात.

पाऊस नाही, तरी डिसेंबरात सकाळी मशीनवर पाणी टपकते. पत्रा गळतोय का?

बहुधा नाही. ते दव आहे, आतल्या बाजूचे. थंडीत रात्री आकाश निरभ्र असते आणि लोखंडी पत्रा उष्णता वर सोडून आसपासच्या हवेपेक्षाही गार होतो. शेडमधल्या दमट हवेतले पाणी त्याच्या खालच्या बाजूला जमते. पत्रा उतरता असल्यामुळे थेंब ओघळत येतो, पर्लिनला अडतो आणि तिथून खाली पडतो. लेथच्या बेडवर एका ओळीत गंजाचे ठिपके दिसले, तर मान वर करून पाहा. बरोबर वर पर्लिन किंवा स्क्रूची टोके असतील.

गळती आणि दव ओळखायला वेळ पाहावी. निरभ्र रात्रीनंतर पहाटे टपकते आणि ऊन चढले की थांबते ते दव. वारा-पाऊस असताना ठरावीक एका जागी पडते ती गळती. हे कळले नाही तर लोक स्क्रूंवर सिलिकॉनचे थर चढवत बसतात आणि टपकणे चालूच राहते.

सिमेंटचा पत्रा यात सरस आहे. तो थोडे पाणी शोषून घेतो आणि इतका झटकन गारही होत नाही. लोखंडी पत्र्याला उपाय म्हणजे पत्रा बसवतानाच पर्लिनवर फॉइल लावलेली बबल शीट किंवा फोम अंथरणे, आणि दमट हवा बाहेर जायला मोभावर वाट ठेवणे. पत्रे आधी बसवून इन्सुलेशन नंतर खालून चिकटवायचे म्हटले तर काम दुप्पट होते आणि चिकटवलेले काही वर्षांत लोंबायला लागते. म्हणून पैसे कमी असतील तर दुसरीकडे कात्री लावा, फॉइल पहिल्याच दिवशी टाका.

एप्रिल-मेमध्ये आत बसवत नाही. कोणता पत्रा कमी तापतो?

इथे मालापेक्षा रंग जास्त बोलतो. पांढरा किंवा ऑफ-व्हाइट कलर कोटेड पत्रा गडद निळ्यापेक्षा स्पष्टपणे कमी तापतो. तरी पुण्यात जिकडे पाहावे तिकडे निळे छप्पर दिसते, कारण दुकानात तोच रंग तयार पडलेला असतो. पांढरा हवा असेल तर ऑर्डर आधी द्यावी लागते.

नवा जीआय चकचकीत असतो आणि ऊन परतवतो, पण घेतलेली उष्णता लवकर सोडत नाही. शिवाय एक-दोन पावसाळ्यांत तो करडा पडतो. सिमेंटचा पत्रा सुरुवातीला ठीक असतो, मग त्यावर शेवाळ चढून तो काळपट होतो आणि तापतो. पावसाळा संपल्यावर त्याला पांढरा रूफ पेंट मारला तर फरक पडतो, फक्त रंग मारणाऱ्याने पत्र्यावर थेट उभे राहू नये.

छपराला बसवलेले फिरते टर्बो पंखे गरम हवा काढतात, पण तापलेल्या पत्र्याची डोक्यावर येणारी धग थांबवत नाहीत. ती थांबवते फॉइल, आणि तिच्याखाली चमकता पृष्ठभाग व मोकळी हवा असेल तरच. फॉइलवर वेल्डिंगचा धूर आणि ग्राइंडिंगची धूळ बसली की तिचा गुण कमी होतो.

वळवाच्या वादळात पत्रा उडेल का? जड पत्रा जास्त सुरक्षित नाही का?

वजनावर भिस्त ठेवू नका. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किमी. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो आणि छपराच्या कडा-कोपऱ्यांवर याच्या आसपासचा, कधी त्याहून जास्त जोर वरच्या दिशेने ओढतो. शटर उघडे राहिले तर आत शिरलेला वारा त्यात भर घालतो. अशा वेळी लोखंडी पत्र्याचे चार-पाच किलो काय आणि सिमेंटचे पंधरा किलो काय, दोन्ही अपुरेच. पत्रा धरून ठेवतात ते स्क्रू किंवा हूक, आणि पर्लिनला कैचीशी बांधणारे बोल्ट.

म्हणून मोभ, वळचण आणि दोन्ही टोकांच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू मारायला सांगा, मधल्या पर्लिनवर एकाआड एक चालतो. बाजूच्या जोडालाही मध्ये मध्ये छोटे स्क्रू हवेत. स्क्रूखालचा रबरी वायसर लोखंडी टोपीच्या कडेपर्यंत जेमतेम फुगलेला दिसला की कसणे बरोबर झाले. बाहेर चिरडून आला असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत तो फाटतो. वायसर टोपीखाली सैल फिरत असेल तर स्क्रू कमी कसला आहे.

सिमेंटच्या पत्र्याला ८ मिमीचे जे-हूक लावतात आणि भोक बोल्टपेक्षा थोडे मोठे पाडतात, म्हणजे पत्र्याला हलायला जागा राहते. हूक करकचून आवळला तर त्याच भोकातून तडा निघतो. चार पत्रे एकत्र येतात तिथे दोघांचे कोपरे तिरके कापायचे असतात. ते न कापता रेटून बसवले की पत्र्यावर ताण राहतो आणि पहिल्या उन्हाळ्यात तो तडकतो. शेजारी नारळाचे झाड असेल तर सिमेंटचा विचार सोडून द्या.

कलर कोटेड पत्र्यावर वर्षभरातच तांबूस ठिपके आले. माल खराब होता का?

आधी कोणी पत्रा ग्राइंडरने कापला होता का ते आठवा. कटिंग व्हीलची तापलेली कीस रंगात रुतते आणि प्रत्येक कण आधी स्वतः गंजतो. वर्कशॉपमध्ये हे नेहमीचे, कारण ग्राइंडर हाताशी असतो. पत्रा कात्रीने किंवा निबलरने कापावा आणि भोके पाडल्यावर कीस त्याच दिवशी मऊ झाडूने झाडावी. शेजारी वर उभे राहून अँगल कापत असतील तरी तेच होते.

दुसरी जागा भिंतीची. पत्रा भिंतीला टेकतो तिथे गवंडी सिमेंटचा ओला माल भरून मोकळा होतो. ओले सिमेंट ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खाते, आणि पत्रा नेमका झाकलेल्या जागी आतून सडतो. तिथे पत्र्याचीच फ्लॅशिंग आणि सीलंट वापरायला लावा.

जीआय पत्र्यांवर पांढरी पूड दिसली तर ते एकावर एक रचलेले असताना पाणी शिरले होते. हलकी पूड असेल तर चालते. काळे डाग पडले असतील तर ते पत्रे परत करा. आणि ॲसिडची वाफ असेल, तर रंग असो वा नसो, लोखंडी पत्रा टिकत नाही. तिथे या तिन्हींत सिमेंटचाच पत्रा बरा, पण हूक आणि पर्लिन लोखंडीच असतात, त्यांना रंग देत राहावे लागते.

सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो का? जुना पत्रा कसा काढायचा?

भारतात ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात. त्यांचे मानक आयएस ४५९, तर ॲस्बेस्टॉसविरहित पत्र्यांचे आयएस १४८७१. पत्र्यावरचा शिक्का वाचा. नुसते ‘फायबर सिमेंट’ म्हटले म्हणजे ॲस्बेस्टॉस नाही असे समजू नका.

जुन्या छपराचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चाला. धोका तंतूंच्या धुळीचा आहे आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो, तोही बऱ्याच वर्षांनी. पत्रा आधी पाण्याने भिजवा, हूकचे नट खोला किंवा बोल्ट कापा, आणि पत्रा अख्खा खाली उतरवा. वरून फेकायचा नाही, ग्राइंडर पत्र्याला लावायचा नाही, तुकडे कोरडे झाडायचे नाहीत. कापडी रुमाल कामाचा नाही, एन-९५ ही पुरत नाही, पी-१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा मास्क हवा. काढलेला माल जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. तो नाल्याकाठी किंवा प्लॉटच्या भरावात टाकू नका. धोकादायक औद्योगिक कचऱ्याचे सामायिक केंद्र रांजणगाव एमआयडीसीत आहे, तिथे आधी फोन करून विचारा.

पत्र्यावरून चालणे हा याहून जवळचा धोका आहे. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय ठेवताच फुटतो, खाली लेथ असते. निदान दोन पर्लिनवर टेकेल अशी फळी टाकूनच माणूस वर जाऊ द्या, आणि अंगात सेफ्टी हार्नेस हवाच.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यावरच नवा लोखंडी पत्रा टाकला तर?

नको. तडकलेल्या पत्र्यावर उभे राहून काम करावे लागते, शंभरेक ठिकाणी ड्रिल करून धूळ उडवावी लागते, आणि स्क्रू पर्लिनमध्ये गेला की हुकला हे वरून दिसत नाही.

उजेडासाठी मध्ये पारदर्शक पत्रा चालेल का?

चालेल, प्रोफाइल बरोबर जुळत असेल तर. पन्हळ जुळला नाही तर जोडात फट राहते. त्यावर कोणी पाय ठेवू नये म्हणून दोन्ही बाजूंना रंगाने खूण करा, धूळ बसली की तो बाकीच्या छपरापासून वेगळा ओळखू येत नाही.

फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेताना काय लिहून घेऊ?

पत्र्याची एकूण जाडी आणि पोलादाची जाडी वेगवेगळी, थराचे ग्रॅम, रंग, आणि एका पत्र्याची झाकणारी रुंदी. दर रनिंग फुटाचा की चौरस फुटाचा, आणि चौरस फूट छपराचे मोजणार की जमिनीचे. आपल्या शेडची जमीन ६०० चौरस फूट आहे, छप्पर मात्र ७६० च्या आसपास जाते, भांडण इथेच होते. रिज, फ्लॅशिंग, फॉइल, स्क्रू आणि जुना पत्रा काढण्याची मजुरी दरात आहे की वेगळी, तेही लिहून घ्या. आणि माल उतरल्यावर एक पत्रा काट्यावर ठेवूनच पैसे देणार, हे ॲडव्हान्स देण्याआधी सांगून ठेवा.